‘मी समलिंगी आहे’ हे आई-बाबांना पत्रातून सांगताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण संपवून नोकरीला लागलेल्या आणि घरी स्थळांची चर्चा सुरू झालेल्या मुलामुलींसाठी हे पान आहे. घरी सांगायचे ठरले आहे, मात्र पत्र कसे लिहावे हे सुचत नाही, अशा अवस्थेत बहुतेक जण प्रश्न विचारतात. पुढची उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. नमुन्याचे पत्र रचलेले आहे, मात्र त्यातील अडचणी अशा घरांत नेहमी दिसणाऱ्या आहेत.

समोर बसून बोलण्याऐवजी पत्र का लिहावे?

समोरासमोरच्या बोलण्यात पहिले वाक्य उच्चारले की पुढची वाक्ये आपल्या हाती राहत नाहीत. आई रडू लागते, बाबा उठून बाहेर जातात, आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे आपण त्यांच्याकडून नेमके काय मागत आहोत, ती सांगायचीच राहून जाते. पत्र शेवटपर्यंत वाचता येते. पहिल्या वाचनात डोक्यात काहीच शिरले नाही तरी दोन दिवसांनी ते पुन्हा हातात घेता येते, आणि बहुतेक आई-वडील तसे घेतातच. रागाच्या पहिल्या तासात त्यांच्या तोंडून जे निघाले असते, ते ऐकायला आपण समोर नसतो, हाही पत्राचा मोठा फायदा आहे. त्यामुळे नंतर दोन्ही बाजूंना मागे घ्यावे लागणारे शब्द कमी उरतात.

ज्या घरात बोलणे मोकळे आहे आणि बाबा स्वतःहून ‘तुझ्या मनात काय आहे’ असे विचारतात, तिथे पत्राची गरज नसेलही. परंतु ज्या घरात गंभीर विषय आईमार्फत बाबांपर्यंत पोहोचतात, तिथे पत्र हेच अधिक सरळ साधन ठरते.

पत्र देण्याची वेळ आली आहे हे कसे ओळखावे?

आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी. राहण्याची जागा, फी आणि रोजचा खर्च सर्वस्वी घरच्यांवर अवलंबून असेल, आणि घरात पूर्वी मारहाण, डांबून ठेवणे किंवा शिक्षण बंद करण्याची धमकी असे काही घडले असेल, तर पत्र लिहून ठेवावे पण द्यायची घाई करू नये. नोकरी लागेपर्यंत थांबणे हा भ्याडपणा नव्हे. ज्यांना आपण सांगणार आहोत त्यांची प्रतिक्रिया पेलण्याइतकी जमीन पायाखाली असावी, एवढाच त्याचा अर्थ आहे.

त्यानंतर एक साधी कसोटी लावावी. ‘आजच्या आज सगळे उत्तर द्या’ असे आपल्याला वाटत असेल, तर पत्र अजून तयार नाही. आपल्याला स्वतःला हे मान्य करायला कित्येक वर्षे लागलेली असतात. तीच वाट आई-बाबांनी एका संध्याकाळी चालावी अशी अपेक्षा पत्रातून डोकावली, तर त्यांच्याकडे धीर मागण्यात अर्थ उरत नाही.

पत्र कोणाच्या नावे लिहावे? फक्त आईला सांगितले तर चालेल का?

फक्त आईला लिहिणे सोपे वाटते, आणि बरेच जण तेच करतात. अशा वेळी पत्राच्या शेवटी बहुधा ‘बाबांना सध्या सांगू नकोस’ असे वाक्य येते, आणि तिथेच चूक होते. आई ते गुपित एकटीने वागवू लागते. बाबा स्थळाचा फोटो पुढे करतात तेव्हा तिला खोटे कारण शोधावे लागते, आणि पुढे बाबांना कळते तेव्हा पहिला राग तिच्यावर निघतो : ‘तुला माहीत होते आणि तू मला सांगितले नाहीस.’ ज्या बाईकडून आपण धीर मागत आहोत, तिच्याच खांद्यावर हे ओझे देणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून शक्यतो पत्र दोघांच्या नावे असावे. बाबांच्या रागाची खरोखर भीती असेल, तर आधी आईला तोंडी सांगून तिच्या संमतीने दोघांच्या नावाचे पत्र द्यावे, आणि या दोन्हींमध्ये फार दिवस जाऊ देऊ नयेत.

पत्राचा नमुना मिळेल का?

मुलगा सव्वीस वर्षांचा आहे आणि पुण्यात नोकरी करतो. आई-वडील कराडजवळच्या गावी असतात आणि धाकटी बहीण शिकत आहे. मामांनी एक स्थळ आणले आहे आणि मुलगी पाहायला जाण्याचा दिवस ठरत आहे. अशा घरातले हे पत्र आहे.

> ती. आई-बाबांस,
> सा. न. वि. वि.
>
> माझी प्रकृती चांगली आहे, नोकरी व्यवस्थित चालू आहे, मला कसलेही कर्ज किंवा व्यसन नाही. हे आधी लिहितो, कारण एवढे मोठे पत्र पाहून तुम्ही काळजीत पडाल. समोर बसून सांगायला गेलो तर माझे बोलणे अर्धवट राहील, म्हणून लिहीत आहे. कृपा करून दोघांनी शेवटपर्यंत वाचा.
>
> मी समलिंगी आहे. मला मुलींविषयी नव्हे, तर पुरुषांविषयी प्रेम आणि ओढ वाटते. हे मला अकरावी-बारावीपासून ठाऊक आहे. ते जावे म्हणून मी स्वतःशी खूप झगडलो, देवालाही साकडे घातले, पण ते गेले नाही, आणि आता मला कळले आहे की ते जाणारे नाही. मला कोणी बिघडवलेले नाही. पुण्याला पाठवल्यामुळे किंवा वसतिगृहात ठेवल्यामुळे हे झालेले नाही. तुमच्या वाढवण्यात काहीही कमी पडलेले नाही.
>
> इतकी वर्षे सांगितले नाही, कारण तुम्हाला दुःख होईल याची भीती होती. आता सांगतो, कारण मामांनी आणलेल्या स्थळाकडे मी जाऊ शकत नाही. त्या मुलीला काही माहीत नसताना तिच्याशी लग्न करणे म्हणजे तिचे आयुष्य बिघडवणे आहे. कुणाच्या मुलीशी असे वागायला तुम्ही मला शिकवलेले नाही.
>
> तुम्ही आज मला समजून घ्यावे असे मी म्हणत नाही. मला स्वतःला समजायला वर्षे लागली. मी तुमच्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ मागतो. तोवर माझ्यासाठी स्थळे पाहणे थांबवा. मामांना ‘तो सध्या लग्नाला तयार नाही’ एवढेच सांगा. ते खोटे नाही. तुम्हा दोघांचे नीट बोलणे होईपर्यंत नातेवाइकांत हा विषय काढू नका. आई, तुला कुणाशी बोलल्यावाचून राहवले नाही तर मावशीशी बोल, त्याला माझी हरकत नाही. आणि मला न विचारता डॉक्टर, गुरुजी किंवा ज्योतिषी यांच्याकडे माझ्यासाठी वेळ घेऊ नका.
>
> बाबा, तुम्ही काही दिवस माझ्याशी बोलला नाहीत तरी मी समजून घेईन. मी नेहमीप्रमाणे रविवारी संध्याकाळी फोन करीन. तुम्ही उचलला नाहीत तर पुढच्या रविवारी पुन्हा करीन. आई, तुझ्या मनात येतील ते सगळे प्रश्न मला विचार. एखादा प्रश्न मला अवघड वाटला तरी मी चिडणार नाही.
>
> ताईला मी अजून सांगितलेले नाही. आधी तुम्हाला कळावे असे वाटले.
>
> तुमचा,
> (सही)

नमुन्यातील ‘ताई’ धाकटी बहीण आहे, मग तिला ताई का म्हटले आहे?

काही घरांत धाकट्या मुलीलाही लाडाने ताई म्हणतात, तसे हे घर आहे. आपल्या घरात जे संबोधन चालते तेच पत्रात ठेवावे. आईला ‘तू’ आणि बाबांना ‘तुम्ही’ म्हणत असू, तर पत्रातही दोघांना वेगवेगळे उद्देशून लिहिलेली वाक्ये असावीत, कारण त्यांचे दुःखही वेगवेगळ्या वाटेने येणार असते.

‘धीर धरा’ म्हणजे नेमके काय मागायचे?

पत्रातला सर्वांत कच्चा भाग बहुधा हाच असतो. ‘मला समजून घ्या, थोडा वेळ द्या’ एवढेच लिहिले, तर आई-वडील त्याचा आपापल्या सोयीने अर्थ लावतात. ‘थोडा वेळ दिला की हा बदलेल’ असा अर्थ त्यांनी लावला, तर सहा महिन्यांनी तेच स्थळ पुन्हा समोर येते, आणि आपण वचन मोडले असे दोन्ही बाजूंना वाटत राहते.

म्हणून कशासाठी धीर हवा, कोणत्या बाबतीत काय थांबवायचे आणि कधीपर्यंत, हे स्पष्ट असावे. वरच्या पत्रात स्थळे थांबवणे, नातेवाइकांत विषय न काढणे आणि परस्पर इलाज न ठरवणे अशा तीनच मागण्या आहेत. तिन्ही ‘न करण्याच्या’ आहेत. नुकताच धक्का बसलेल्या माणसाला एखादी गोष्ट करणे जड जाते, न करणे त्यामानाने जमते. ‘मला स्वीकारा’, ‘माझ्या मित्राला घरी बोलवा’, ‘सगळ्यांना अभिमानाने सांगा’ या मागण्या योग्य असल्या तरी पहिल्या पत्रात त्यांना जागा नाही.

मुदतीचेही तसेच आहे. दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी किंवा बहिणीची परीक्षा संपणे असा घराच्या दिनदर्शिकेतला टप्पा घ्यावा. मुदत संपेल त्या दिवशी निर्णय मागायचा नसतो, पुन्हा बोलायला बसायचे असते, आणि पत्रात नाही तर नंतरच्या फोनवर तरी हे सांगून टाकावे.

याबरोबरच आपण स्वतः कोणता धीर धरणार आहोत हेही लिहावे. वरच्या पत्रातील रविवारच्या फोनचे वाक्य त्यासाठीच आहे. ते लिहिले की पाळावेच लागते. तीन रविवार फोन उचलला गेला नाही म्हणून चौथ्या रविवारी तो केलाच नाही, तर ‘हा आपल्याला सोडून गेला’ असा समज घरात पक्का होतो.

पत्रात कायदा आणि शास्त्र किती लिहावे?

पत्रात शक्यतो काहीच लिहू नये. मुलगा वकिली करतो आहे असे वाटले की बाबा प्रतिवाद सुरू करतात आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. मात्र वेगळ्या कागदावर थोडी माहिती लिहून ‘हवी तेव्हा वाचा’ म्हणून सोबत ठेवणे उपयोगी पडते. तिथे पुढील गोष्टी पुरेशा आहेत.

आई-वडिलांच्या पिढीने आयुष्याचा मोठा भाग अशा काळात घालवला, जेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली हे संबंध गुन्हा मानले जात होते. त्यांच्या मनातली भीती पुष्कळदा तिथून आलेली असते, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना या कलमातून वगळले होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने हे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. त्या वेळी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी म्हटले होते की, न्याय मिळायला झालेल्या विलंबाबद्दल इतिहासाने या व्यक्तींची आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही क्षमा मागायला हवी. कुटुंबीयांचा तो उल्लेख आई-बाबांना आवर्जून वाचायला द्यावा. त्याआधी याच लढाईत काही समलिंगी मुलामुलींचे आई-वडील स्वतः अर्ज करून सर्वोच्च न्यायालयात आपल्या मुलांच्या बाजूने उभे राहिले होते, हेही सांगावे.

लग्नाबाबत मात्र खरे तेच लिहावे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा कायदेशीर हक्क देण्यास नकार दिला. आज भारतात असे लग्न कायद्याने नोंदवता येत नाही, आणि आई-बाबांपासून ते लपवले तर बाकीच्या माहितीवरचाही त्यांचा विश्वास उडतो.

‘आपण चांगल्या डॉक्टरांना दाखवू’ असे म्हणाले तर?

या वाक्यामागे बहुधा माया असते, म्हणून उत्तर चिडून देऊ नये, पण ठाम द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलिंगी असणे आजारांच्या यादीतून काढले. भारतातील मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नसल्याचे जाहीरपणे सांगितले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार एखाद्याचे वागणे समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक कल्पनांशी जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये समलिंगी व्यक्तीला ‘बदलण्याचे’ उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन मानले जाईल, असे राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे.

तरीही आई-बाबा ऐकत नसतील, तर एक मधला मार्ग आहे. आपण आधी चौकशी करून निवडलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे त्यांना घेऊन जावे. तिथे जाण्याचा हेतू आपल्याला तपासून घेण्याचा नसतो; त्यांच्या शंकांची उत्तरे पांढऱ्या कोटातल्या माणसाकडून त्यांना मिळावीत, हा असतो. मुलाच्या तोंडून खोटी वाटणारी गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून खरी वाटते, हे कटू असले तरी त्याचा उपयोग करून घ्यावा. फोनवर आधीच एक प्रश्न विचारावा : ‘समलिंगी असणे तुम्ही आजार मानता का?’ उत्तरात ‘प्रयत्न करून पाहू’, ‘हार्मोन तपासू’, ‘संमोहनाने फरक पडतो’ असे काही ऐकू आले, तर तिथे जाऊ नये.

शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे. मन फार खचले असेल तर पत्र लिहिणाऱ्यानेही तिथे बोलावे आणि आई-वडिलांनीही.

त्र्यंबकेश्वरला शांती करू, पत्रिका दाखवू, असे म्हणतात. जावे का?

आई-बाबांसोबत देवदर्शनाला जायला काहीच हरकत नाही. परंतु ‘हा दोष जाण्यासाठी’ असा संकल्प सोडला जाणार असेल, तर बसू नये. एकदा बसलो की फळाची वाट पाहणे सुरू होते, आणि फळ न आल्याचा दोष पुन्हा आपल्याच माथी येतो.

‘लग्न कर, सगळे आपोआप ठीक होईल’ याला काय उत्तर द्यावे?

याबाबतीत धीर दाखवू नये. बाकी सर्व विषयांवर वाट पाहता येते, याच्यावर नाही, कारण इथे तिसऱ्या माणसाचे आयुष्य पणाला लागते. जिच्याशी लग्न होईल तिला आपण नकोसे का आहोत हे वर्षानुवर्षे कळत नाही. ती स्वतःच्या रूपात, वागण्यात दोष शोधत बसते, आणि मूल होत नाही म्हणून बोलही तिलाच ऐकावे लागतात. आई-बाबांना हे अशा शब्दांत सांगावे की त्यांना त्या मुलीच्या जागी आपली मुलगी दिसेल. नमुन्याच्या पत्रात स्थळाविषयी लिहिताना बहिणीचा उल्लेख न करताही तो विचार त्यांच्या मनात येतोच. हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेली संमती हे विवाह रद्द करून मागण्याचे कारण होऊ शकते, हे बाबांसारख्या व्यवहारी माणसाला सांगायला हरकत नाही, पण मुख्य मुद्दा त्या मुलीचाच ठेवावा.

पत्र द्यावे कसे आणि कधी?

स्वतःच्या हाताने, मराठीत लिहावे. इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे देवनागरी अक्षर वळणदार नसेल, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होतील. तरी रोमन लिपीतल्या मराठीपेक्षा किंवा व्हॉट्सॲपवरच्या लांब निरोपापेक्षा ते शतपटीने बरे. व्हॉट्सॲपचा निरोप एका बोटाने पुढे पाठवला जातो, आणि मग तो कुटुंबाच्या ग्रुपवर जायला वेळ लागत नाही. एकत्र कुटुंबात टपालही सुरक्षित नसते, कारण पाकीट कोण उघडेल याचा भरवसा नसतो.

सर्वांत चांगले म्हणजे शनिवारी घरी जाऊन, दुपारच्या जेवणानंतर पत्र दोघांच्या हाती द्यावे, ‘तुम्ही वाचा, मी संध्याकाळी येतो’ असे सांगावे, आणि गावातल्याच मित्राकडे जाऊन बसावे. त्या मित्राला आधी कल्पना दिलेली असावी. संध्याकाळी खरोखर परत जावे. पत्र देऊन थेट पुण्याची गाडी पकडली, तर आई-बाबांची पहिली रात्र ‘पोराने जिवाचे काही बरेवाईट तर केले नाही ना’ या धास्तीत जाते. मारहाणीची शक्यता असेल तरच पत्र दूर असताना पोहोचेल अशी व्यवस्था करावी, आणि त्यातही ‘मी अमुक ठिकाणी सुखरूप आहे’ हे वाक्य असावे.

गणपती, दिवाळी, घरातले लग्नकार्य, कुणाचे आजारपण, बाबांच्या निवृत्तीचा महिना हे दिवस टाळावेत. पाहुण्यांनी भरलेल्या घरात आईला रडायलाही कोपरा मिळत नाही.

आई विचारते, ‘आमचे काय चुकले?’ आणि बाबा काहीच बोलत नाहीत.

आईच्या प्रश्नाचे उत्तर पत्रात एकदा दिलेले असले तरी ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. लहानपणी तू मुलींत खेळायचास, मी कामाला जायचे, तुला आजीकडे ठेवले, असे एकेक कारण ती काढत राहील. ‘लहानपणी कुणी काही वाईट केले का’ हेही विचारील. तसे काही घडले नसेल तर स्पष्ट ‘नाही’ म्हणावे. घडले असेल, तरी त्यामुळे कोणी समलिंगी होत नाही, हे सांगावे आणि त्या घटनेविषयी वेगळे बोलावे.

बाबांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावायची घाई करू नये. त्याला होकार समजणे जितके चुकीचे, तितकाच नकार समजणेही. खुणा त्यांच्या वागण्यात शोधाव्यात. स्थळाचा विषय घरात निघेनासा झाला असेल, मामांना त्यांनी स्वतः थांबवले असेल, घरी गेल्यावर ‘जेवलास का’ एवढे विचारत असतील, तर धीर धरला जात आहे. याउलट, बोलणे गोड आहे पण परस्पर मुलीकडच्यांना होकार कळवला गेला आहे, आपला पगार आणि कागदपत्रे ताब्यात मागितली जात आहेत, फोन तपासला जात आहे, असे दिसले तर सावध व्हावे.

मुलीने असे पत्र लिहायचे असेल तर काय वेगळे?

पुष्कळ वेगळे आहे, आणि ही बाब सगळ्यांत गंभीर आहे. मुलाच्या बाबतीत आई-वडील बहुतेकदा वेळ काढतात. मुलीच्या बाबतीत मात्र ‘आता ताबडतोब उजवून टाकू’ अशी घाई होण्याचा धोका मोठा असतो. तिची नोकरी सोडवून तिला घरी बोलावणे, फोन काढून घेणे, मैत्रिणीवर पळवून नेल्याची तक्रार करणे असे प्रकार घडतात. मदुराईतील दोन तरुणी अशाच परिस्थितीत मद्रास उच्च न्यायालयात गेल्या होत्या. त्यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आपले अज्ञान मान्य करून स्वतः समुपदेशकाकडे जाऊन विषय समजून घेतला, आणि २०२१ मध्ये पोलिसांनी अशा सज्ञान जोडप्यांना त्रास देऊ नये असे आदेश दिले. हे प्रकरण आई-बाबांनाही सांगण्यासारखे आहे, कारण एका न्यायाधीशालाही समजून घ्यायला वेळ द्यावा लागला होता.

मुलीने पत्र देण्याआधी आधार, पदवीची प्रमाणपत्रे, बँकेची कागदपत्रे यांच्या मूळ प्रती घराबाहेर विश्वासू व्यक्तीकडे ठेवाव्यात. बँक खाते एकटीच्या नावे असावे. पत्र शक्यतो स्वतःच्या राहत्या शहरातूनच द्यावे, आणि ‘आजी आजारी आहे, लगेच निघ’ असा फोन पत्रानंतर आला तर दुसऱ्या नातेवाइकाकडून खात्री करून मगच जावे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला तिच्या इच्छेविरुद्ध घरात कोंडून ठेवण्याचा हक्क आई-वडिलांनाही नाही. तातडीच्या प्रसंगी ११२ वर पोलिसांना बोलावता येते.

जोडीदाराविषयी पत्रात लिहावे का?

पहिल्या पत्रात लिहू नये. लिहिले तर सगळा दोष त्या एका व्यक्तीवर जातो आणि ‘त्याला सोड म्हणजे तू बरा होशील’ असे सुरू होते. त्यांनी विचारले तर मात्र खोटे बोलू नये.

‘तुझ्या बहिणीचे लग्न कसे जमणार?’

ही भीती पूर्ण खोटी आहे असे म्हणता येत नाही. स्थळाकडची माणसे चौकशा करतात. म्हणूनच नातेवाइकांत विषय न काढण्याची विनंती पत्रात आहे, आणि ती आई-बाबांच्याही हिताची आहे. पण बहिणीचे लग्न होईपर्यंत थांब, मग तिचे बाळंतपण होईपर्यंत थांब, असे टप्पे लांबत गेले तर त्याला अंत राहत नाही. बहिणीला योग्य वेळी स्वतः सांगावे. तिच्या नावाने दिली जाणारी कारणे तिला स्वतःला मान्य नसतात असे पुष्कळदा दिसते, आणि तसे ती बाबांना सांगते तेव्हा त्याचे वजन वेगळेच असते.

आम्ही आई-वडील आहोत आणि असे पत्र आमच्या हाती आले आहे. काय उत्तर द्यावे?

पत्राला पत्रानेच उत्तर द्यावे, चार ओळींचे असले तरी चालेल. पत्र मिळाले, दोघांनी वाचले, आम्हाला त्रास झाला आहे, तू मागितलेल्या गोष्टी आम्ही पाळू, तू घरी येणे थांबवू नकोस, एवढे पुरते. जे अजून वाटत नाही ते लिहू नये. ‘आम्हाला काहीच वाटले नाही’ हे खोटे वाक्य मुलाला कळते. आणि कुणाशी तरी बोलायचे असेल, तर ‘स्वीकार’ हा अशाच मुलामुलींच्या आई-वडिलांनी चालवलेला गट आहे, आणि मुंबईची हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून या क्षेत्रात काम करीत आहे. आपल्यासारखीच दुसरी आई भेटली की जे प्रश्न मुलाला विचारता येत नाहीत, ते तिला विचारता येतात.

मुदत संपली, तरी घरचे या विषयावर बोलत नाहीत. पुढे काय?

दुसरे पत्र लिहावे, आणि ते पहिल्यापेक्षा खूप लहान असावे. पहिल्या पत्रातील खुलासे पुन्हा लिहू नयेत, कारण ते त्यांनी वाचलेले आहेत. या काळात त्यांनी जे पाळले त्याचा नेमका उल्लेख करावा : ‘मामांना तुम्ही थांबवलेत हे मला कळले, बाबा.’ जे पाळले गेले नाही तेही तितक्याच शांतपणे लिहावे. मग एकच नवी गोष्ट मागावी, उदाहरणार्थ तिघांनी एकदा तासभर बसून बोलणे, किंवा दुसऱ्या एखाद्या पालकांना भेटणे. पुढच्या मुदतीसाठी पुन्हा घराच्या दिनदर्शिकेतलाच टप्पा घ्यावा.

पहिल्या मुदतीत स्थळ परस्पर ठरवले गेले असेल, तर मात्र दुसऱ्या पत्राची वाट न पाहता त्या मुलीच्या घरी ‘हे लग्न होणार नाही, आणि त्यात तुमच्या मुलीचा काहीही दोष नाही’ असे स्वतः कळवावे. कारण सांगण्याची सक्ती आपल्यावर नाही. आई-बाबांना त्याच दिवशी, त्यांना दुसरीकडून कळण्यापूर्वी, आपण असे कळवले आहे हे सांगावे, आणि रविवारचा फोन चालू ठेवावा.